काँक्रीटची घसरगाडी आणि गच्चीवरची बाई

…तर मुद्दा असा, की फोन मी कापला नाही, मावशी. फोन गारठून मेला. उणे एकतीस डिग्रीत बसस्टॉपवर हातमोजा काढून तुझ्याशी भांडायचं म्हणजे माणसाने तरी किती वेळ तग धरायचा आणि फोनने तरी किती! तू म्हणालीस, “आमच्या वेळेला आम्ही नाही का केलं इंजिनिअरिंग? आताच्या पोरी जरा नाजूकच.” मी म्हणाले, “तसं नाहीये ते, ऐक तर,” आणि ऐन ‘तर’वर स्क्रीन काळी. म्हणून उरलेलं भांडण पत्रात लिहितेय. पत्राची बॅटरी जात नाही, आणि मुख्य म्हणजे तुला मध्येच बोलता येत नाही.

आता रीतीप्रमाणे सगळं. आदरणीय स्टेफा मावशीला लारिसाचा वाकून नमस्कार (दोन स्वेटर आणि कोट घालून वाकता येतं तेवढाच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? वॉल्टर काकांना तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून या वर्षी मासा मिळाला, की याही वर्षी नुसतं भोकच मिळालं? तुमच्या धरणावर सगळं ठीक ना? इकडे परवा हॉस्टेलचे दिवे गेले, तेव्हा सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी सगळीकडे सांगून ठेवलंय की माझी मावशी उत्तरेच्या धरणावर मुख्य इंजिनिअर आहे. जणू तू तिकडे बटणापाशी बसून आम्हाला अंधारात ठेवतेयस. मी म्हणाले, मावशी असं करणार नाही. (आईने फोन उचलला नाही तर करेल, पण ते मी बोलले नाही.)

तर थोरा. फोनवर मी थोराबद्दलच सांगत होते. थोरा ब्यारनसन, माझी रूममेट, आइसलँडहून येऊन तळ्याकाठी वसलेल्या लोकांच्या गावातली, उंच, कमी बोलणारी, आमच्याच सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गात मुलगे किती नि मुली किती ते विचारू नकोस. एवढंच सांगते, की आम्ही सगळ्या मुली एका व्हॅनमध्ये बसतो, आणि व्हॅन मोठी नाहीये. त्यामुळे होतं काय, की कॉलेजला जेव्हा जेव्हा ‘आमच्याकडे मुलीही आहेत हो’ असं जगाला सांगायचं असतं, तेव्हा तोच फोटोवाला येतो, त्याच आम्ही पिवळी हेल्मेटं घालतो आणि कुठल्यातरी यंत्राकडे बघून हसतो. सगळ्यात छान हसते थोरा. म्हणून तिचा फोटो निवडला आणि शहरातल्या निम्म्या बसस्टॉपवर लावला. ज्या यंत्राकडे बघून ती हसतेय ते तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि फोटो काढला तेव्हा ते चालूसुद्धा नव्हतं. आणि मावशी, हीच थोरा इंजिनिअरिंग सोडायला निघाली होती! बसस्टॉपवरची थोरा सगळ्या शहराच्या पोरींना ‘या, या’ म्हणत होती आणि तिच्याच काचेला टेकून खरी थोरा मला सांगत होती, की घसरगाडीच्या रेसनंतरच्या शुक्रवारी कोर्स बदलायची शेवटची तारीख आहे, त्याच्या आत ती अर्ज देणार. शिक्षिका व्हायचं म्हणे. शिक्षिका होण्यात वाईट काही नाही, मला स्वतःला आवडल्या असत्या चार बऱ्या शिक्षिका. पण तिला शिक्षिका व्हायचं नव्हतं गं. शाळेतल्या सल्लागार बाईंनी तिला एकदा म्हटलं होतं, “तुझं अक्षर किती सुंदर आहे, तू शिक्षिका हो,” आणि तेव्हा तिने जे गणित सोडवलं होतं ते त्या बाईंनी वाचलंच नव्हतं, नुसतं अक्षर बघितलं होतं.

कारण काय, तर स्ट्रक्चर्सच्या परीक्षेत एकसष्ट मिळाले. आता ऐक. ब्रेडन नावाचा आमचा एक मित्र आहे, शेतावरचा, दिलदार, कायम काहीतरी खात असलेला. त्याला अठ्ठेचाळीस मिळाले. तो पेपर हातात घेऊन म्हणाला, “काय फालतू पेपर काढलाय राव,” आणि सँडविच खायला गेला. थोराने एकसष्टचा पेपर घडी घालून बॅगेत ठेवला आणि म्हणाली, “माझा हा प्रांत नाही.” मी म्हटलं, अगं, तुझा प्रांत नाही तर ब्रेडनला देशातून हाकलायला पाहिजे! ती हसली पण नाही. मला तेव्हाच कळलं प्रकरण गंभीर आहे. (आणि हे फक्त थोराचं नाही. आमच्या व्हॅनमधल्या जवळजवळ प्रत्येकीचं असंच आहे. मार्क कमी पडले की मुलगा पेपरला नावं ठेवतो आणि मुलगी स्वतःला. मी पुराव्यासाठी वर्गभर विचारून आले, तर एक मुलगा म्हणाला, “मग कोणाला नावं ठेवायची, पेपरला नाही तर?” त्याला खरंच प्रश्न पडला होता.)

त्यात ती घसरगाडी. तुला आठवतच असेल, तुमच्या वेळेलाही होती रेस. गाडीच्या पट्ट्या काँक्रीटच्या, वर लोखंडी सांगाडा, त्यात पाच जण बसणार, वळवायची सोय हवी, ब्रेक हवा, आणि बर्फावरून सोडायची. आता आपल्या या सपाट मुलखात उतार कुठून आणायचा, तर शहराचा एकुलता एक डोंगर म्हणजे जुना कचरा पुरलेला ढिगारा, तिथे रेस. बाहेरच्या कॉलेजांची पोरं येतात आणि विचारतात, “डोंगर कुठेय?” आपण म्हणायचं, “उभे आहात त्याच्यावर.”

आमच्या टीमचा कॅप्टन डेरेक पेन्नर. सज्जन मुलगा, दार उघडून धरतो, सगळ्यांना ‘भावांनो’ म्हणतो, आम्हालाही. पहिल्या मीटिंगला त्याने विचारलं, “ग्राइंडर नि वेल्डिंग कोणाला चांगलं जमतं?” धडाधड हात वर. सगळे मुलगे. ब्रेडनचे तर दोन्ही हात, एकात बिस्किट. मग उरलेली कामं उरलेल्यांना, म्हणजे आम्हाला : पोशाख, देणगीदारांना पत्रं, रिपोर्ट, आणि टीमसाठी कुकीज. कोणी मुद्दाम केलं नाही, मावशी, हीच तर पंचाईत आहे. कोणी दुष्टपणे केलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण सगळे इतके छान वागत होते की भांडायला जागाच नाही. घरी आल्यावर मी थोराला विचारलं, “तुझ्या वडिलांची मासेमारीची बोट आहे ना, तिचं लोखंडी काम कोण करतं?” म्हणाली, “मीच. तेरा वर्षांची असल्यापासून.” मग हात का नाही वर केलास? तर म्हणाली, “त्याने विचारलं ‘चांगलं’ जमतं का. मला नुसतं जमतं.” नंतर मी चौकशी केली. ब्रेडनने आयुष्यात ग्राइंडर एकदा चालवलं होतं आणि त्यात त्याच्या काकांच्या गेटचं बिजागर कायमचं गेलं. पण हात दोन्ही वर!

रिपोर्ट थोराकडे, म्हणजे सगळे आकडे टाइप करायला तिच्याकडे यायचे. एका मीटिंगमध्ये ती हळूच म्हणाली, “ब्रेकचे दात गाडीच्या पुढच्या बाजूला लावलेत, त्याने पुढचं टोक बर्फात अडकेल आणि मागचा भाग फिरून पुढे येईल. दात मागे घ्यायला हवेत, बसणाऱ्यांच्या वजनाच्या मागे.” कोणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू गेलं, पण कोणी ऐकलं नाही. मग पिझ्झा आला. पिझ्झा संपत आल्यावर डेरेक म्हणाला, “भावांनो, मला वाटतं ब्रेक मागे घ्यावा. नाहीतर गाडी गर्रकन फिरेल.” सगळे म्हणाले, “वा डेरेक! भारी!” डेरेकला खरंच वाटत होतं की हे त्यालाच सुचलंय. मी उभी राहिले नि म्हणाले, “हे थोराने पिझ्झ्याच्या आधी सांगितलंय.” ब्रेडन म्हणाला, “पिझ्झ्याच्या आधीचं मला काहीच आठवत नाही.” थोराने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, बर्फातल्या बुटाचा. पाय अजून काळानिळा आहे.

तर मी ठरवलं की ही पोरगी जाता कामा नये, आणि तुला माहितीय मी एकदा ठरवलं की काय होतं. (आईला विचार. किंवा नको विचारू.) आमच्या मुलींच्या इंजिनिअरिंग क्लबची मी अध्यक्ष आहे, म्हणजे निवडणूक झाली नाही, बाकीच्या मागे सरकल्या आणि मी तिथेच उभी राहिले. मी कुठेतरी वाचलं होतं की मुलींना त्या क्षेत्रातली यशस्वी बाई दिसली की त्यांना बळ येतं. झालं! मी म्हटलं, आणू या यशस्वी बाई. आणि बारकी कशाला, मोठीच आणू. डॉ. मार्गो व्हिटफील्ड माहितीय ना? आमच्याच कॉलेजात शिकलेल्या. मी ईमेलवर ईमेल केले आणि त्या खरोखर आल्या. आपल्या विमानाने. म्हणजे तिकीट काढून नव्हे, स्वतःच्या विमानाने, स्वतः चालवत.

मावशी, काय बाई आहे! पहिलाच फोटो समुद्रावरच्या पुलाचा, त्यांनी बांधलेला. पुढचा फोटो दुसऱ्या समुद्रावरचा पूल. मग मॅरेथॉन. मग जुळी मुलं, जी त्यांनी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जन्माला घातली, आणि परीक्षा पुढे ढकलली नाही. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले. मागे वळून बघितलं, तर हॉलभर पोरी हळूहळू खुर्चीत खाली खाली सरकत होत्या, दाताच्या डॉक्टरकडे बसतात ना तशा. शेवटी प्रश्नोत्तरं. पहिल्या वर्षाची एक इवलीशी मुलगी उठली, आवाज कापत होता, म्हणाली, “मॅडम, तुम्हाला कधी अवघड गेलं का?” डॉ. व्हिटफील्ड छान हसल्या, विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, “नाही, तसं नाही. मी फक्त पहाटे चारला उठायचे.”

कुकीज तशाच उरल्या. इंजिनिअरिंगच्या इमारतीत फुकटच्या कुकीज उरणं हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाहेर पडताना तीन पहिल्या वर्षाच्या मुलींनी मला थांबवून अगदी नम्रपणे विचारलं, की कोर्स बदलायचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे. आणि थोरा म्हणाली, “थँक्स, लारिसा. आतापर्यंत थोडी शंका होती, आता पक्कं झालं. असं व्हावं लागतं तर मी ती नाही.” म्हणजे मी पोरींना राहा म्हणायला बाई आणली आणि बाईने त्यांना दाराचा रस्ता दाखवला. अत्यंत प्रेमाने. त्या स्वतः फार खूश होऊन गेल्या, मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पण बोलव.”

मी रडवेली होऊन क्वॉन मॅडमकडे गेले. लिंडा क्वॉन, आमच्या विभागातल्या एकुलत्या एक बाई प्रोफेसर. विभागातल्या प्रत्येक कमिटीत एक बाई हवी असा नियम आहे, आणि बाई एकच आहे, त्यामुळे क्वॉन मॅडम प्रत्येक कमिटीत आहेत. जेवताना बसलेल्या त्यांना कोणी पाहिलेलं नाही, सँडविच चालता चालता संपतं. मी पण त्यांच्यासोबत चालत चालत सगळं सांगितलं. जिन्यात त्या थांबल्या (हे फार दुर्मीळ आहे) आणि म्हणाल्या, “तू त्यांना गच्चीवर उभी असलेली बाई दाखवलीस. खालून बघणाऱ्याला वाटतं ती उडून गेली असणार. दोन पायऱ्या वर असलेली दाखव. धापा टाकत असलेली असेल तर उत्तम.” मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही याल?” त्या म्हणाल्या, “मी दोन पायऱ्या वर नाही, मी चार कमिट्यांत आहे,” आणि गेल्या. पण जाता जाता वळून ओरडल्या, “आणि हॉलमध्ये नको! हातात काहीतरी काम दे त्यांना!”

म्हणून दुसरी सभा मी वर्कशॉपमध्ये घेतली. खुर्च्या नाहीत, फोटो नाहीत, मध्ये आमची उलटी घसरगाडी आणि सगळ्यांच्या हातात पॉलिश पेपर, कारण काँक्रीटच्या पट्ट्या घासून गुळगुळीत करायच्या होत्याच. (डेरेकला वाटलं मी टीमसाठी फुकटची माणसं आणली. तेही खोटं नाही.) घासता घासता सुरुवात मीच केली. काय बोलले ते आता महत्त्वाचं नाही, एक गोष्ट सांगितली, झालं. पण ती संपल्यावर चौथ्या वर्षाची प्रिया माथुर, जिला आम्ही सगळ्या फार हुशार समजतो, घासायची थांबली आणि म्हणाली, “मला दुसऱ्या वर्षी डायनॅमिक्समध्ये एकोणचाळीस होते.” मग तिसऱ्या वर्षाची जीन म्हणाली, “मी लॅबमध्ये पूर्ण एक सेमिस्टर फक्त आकडे लिहून घेतले, यंत्राला हात लावला नाही, शेवटी एक दिवस वही पार्टनरच्या हातात दिली नि म्हटलं, आता तू लिही.” मग एकेक सुरूच. कोणाला किती मार्क, कोणी कुठल्या टॉयलेटमध्ये जाऊन रडलं. (दुसऱ्या मजल्यावरचं सगळ्यात लोकप्रिय निघालं. तिथे ड्रायर जोरात आवाज करतो, बाहेर काही ऐकू जात नाही. वर्षानुवर्षं पोरी तिथे रडतायत आणि प्रत्येकीला वाटतंय ती एकटीच!) हसून हसून पोट दुखलं. पट्ट्या आरशासारख्या झाल्या. थोरा एका कोपऱ्यात मान खाली घालून घासत होती. पण जाताना तिने प्रियाला विचारलं, “एकोणचाळीसनंतर काय केलंस?” प्रिया म्हणाली, “सहा जणींचा अभ्यासाचा ग्रुप केला. आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन प्रश्न विचारायला शिकले. मुलगे पहिल्या आठवड्यापासून जातात गं, आपल्यालाच वाटतं की सगळं आल्यावर जायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी थोरा मीटिंगमध्ये उठली. म्हणजे सगळी उठली, सहा फूट. म्हणाली, “ब्रेक मी करते.” डेरेक म्हणाला, “पण थोरा, रिपोर्ट?” ती म्हणाली, “रिपोर्ट तू कर.” ब्रेडन म्हणाला, “तुला ग्राइंडर येतं?” तिने मास्क खाली ओढला आणि ठिणग्या अशा उडाल्या की ब्रेडनने पहिल्यांदाच खायचं थांबवलं. नंतर मला म्हणाला, “हिने सांगितलं का नाही आधी?” मी म्हटलं, “तू विचारलंस का कधी?” तो बराच वेळ विचारात होता. त्याचं श्रेय मी त्याला देते. तिने दात मागे नेले, दांडा लांब केला, दोन्ही बाजू एकदम खाली येतील अशी जोडणी केली, नाहीतर एक बाजू आधी अडकली तरी गाडी फिरतेच. पहिल्या वर्षाची ती इवलीशी मुलगी, कापऱ्या आवाजाची, रोज येऊन टॉर्च धरून उभी राहायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, “हे तुला कुणी शिकवलं?”

रेसचा दिवस. टीमने पोशाख ठरवला होता वायकिंगांचा, डोक्यावर शिंगवाली हेल्मेटं. थोरा म्हणाली, “आमच्या पूर्वजांच्या हेल्मेटांना शिंगं नव्हती.” डेरेक म्हणाला, “थोरा, आता सगळ्याच गोष्टीत बदल नको ना गं.” शिंगं राहिली. ब्रेकवर थोरा, बाकी चौघे पुढे. आमच्या आधीच्या टीमचा ब्रेक पुढे लावलेला होता. त्यांची गाडी खाली पोचली तेव्हा गाडी एकीकडे, माणसं दुसरीकडे, आणि एक बूट अजून सापडलेला नाही. (सगळे ठीक आहेत, बूटवाला लंगडत आमच्याकडची कॉफी पिऊन गेला.) मग आमची सुटली. मी खाली, गाडी अडवायला ठेवलेल्या गवताच्या गठ्ठ्यांपाशी उभी होते आणि प्रार्थना करत होते, जी मला अर्धीच येते. थोराने दांडा ओढला, दोन्ही बाजूंनी बर्फाचा फवारा उडाला, आणि गाडी सरळ, अगदी सरळ येऊन गठ्ठ्यांच्या हातभर अलीकडे थांबली. नंतर ब्रेडन उतरायला गेला, त्याचं शिंग गठ्ठ्यात अडकलं आणि तो तिथेच लटकला, पण त्यात ब्रेकचा दोष नाही.

जिंकलो का? नाही. शेवटून दुसरे आलो. कारण निम्मे मार्क रिपोर्टला, आणि रिपोर्ट लिहिला डेरेक नि ब्रेडनने. परीक्षकांनी शेरा मारला, “पान चारवर पिझ्झ्याचा डाग आहे, त्याखाली बहुतेक ब्रेकची गणितं असावीत.” डेरेक थोराला म्हणाला, “रिपोर्ट लिहिणं एवढं कठीण असतं, मला माहीतच नव्हतं.” थोरा म्हणाली, “सवय होईल. पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच आहे.”

‘पुढच्या वर्षी’ म्हणाली, मावशी. ऐकलंस ना? शुक्रवार आला. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला मी दारापुढे येरझारा घालत होते, तिला बघितलं की आडवी पडायचं ठरवून. ती आलीच नाही. मी धावत वर्कशॉपला गेले, तर तिथे ती त्या इवल्याशा मुलीच्या हातात ग्राइंडर देऊन तिच्या मागे उभी होती आणि म्हणत होती, “दाबू नकोस, त्याला त्याचं काम करू दे. मला पण आधी अशीच भीती वाटायची.” मी म्हटलं, “थोरा! आज शुक्रवार!” ती म्हणाली, “माहितीय. पुढच्या स्ट्रक्चर्सच्या पेपरसाठी अभ्यासाचा ग्रुप करायचाय, तू येणार का?” बस, एवढंच. एकसष्टचे बासष्ट झालेले नाहीत. तिला अजूनही रोज वाटतं की जमणार नाही. पण आता ती ते मोठ्याने म्हणते, आणि बाकीच्या म्हणतात “हो गं, मला पण,” आणि मग सगळ्या मिळून तो प्रश्न सोडवतात. नाजूक नाहीत गं या पोरी. त्यांना वाटत होतं की बाकी सगळे न घाबरता आलेत.

तर हे उरलेलं भांडण. काकांना नमस्कार, कुत्र्याचे माझ्याकडून कान खाजव. थंडीत गुडघ्याला शेक घे.

तुझी लाडकी (असावी अशी आशा),
लारिसा

ता. क. १ : वर्कशॉपमध्ये मी जी ‘एक गोष्ट’ सांगितली, ती तुझी होती. ख्रिसमसला पेरोगीच्या करंज्या भरता भरता आई वाइनच्या दुसऱ्या ग्लासावर बोलून गेली, की तू थर्मोडायनॅमिक्सला नापास झालीस. दोनदा. आणि तुमच्या इमारतीत बायकांचं टॉयलेटच नव्हतं, म्हणून रडायलासुद्धा बर्फातून पलीकडच्या इमारतीत जावं लागायचं. आणि आजोबांना तुम्ही दोघी बहिणींनी सांगितलंत, की कॉलेजनेच कोर्स एक वर्षाने वाढवला! मी हे सगळं सांगितलं. तुझ्या नावासकट, हुद्द्यासकट. तू मला ओरडशील हे माहितीय. पण मावशी, ‘दोनदा’ म्हटल्यावर वर्कशॉपमधले सगळे पॉलिश पेपर थांबले होते. आणि नंतर थोराने रात्रभर एकच प्रश्न विचारला : “आणि तरी आता धरण त्याच चालवतात?”

ता. क. २ : मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी तू येतेयस. पोस्टर छापून झालंय, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘दोनदा नापास झालेल्या मुख्य इंजिनिअर स्टेफा मावशींशी गप्पा’. सगळ्या तुला मावशीच म्हणतात आता. जुने कपडे घालून ये, पुढच्या वर्षीच्या गाडीच्या पट्ट्या घासाव्या लागतील. आईला अजून यातलं काही माहीत नाही. तिला तूच सांग, हळूच.

ता. क. ३ : फ्लुइड्सच्या चाचणीत मला चौतीस मिळालेत. हे थोरालाही आज सकाळीच सांगितलं. सगळ्या पोरींना धीर देत फिरत होते नि स्वतःचा पेपर गादीखाली होता. लहानपणापासून घरात तुझं नाव निघालं की मला वाटायचं, मावशीला सगळं पहिल्या फटक्यात येतं, आपल्याला नाही येत, म्हणजे आपण तिच्यासारख्या नाही. त्या ख्रिसमसच्या रात्री पहिल्यांदा वाटलं की असेनही. मग मला एवढंच सांग, मावशी, रागाने सांगितलंस तरी चालेल : ही गोष्ट घरात झाकून ठेवायची होती, की मला दहा वर्षं आधीच सांगायला हवी होती, तुला काय वाटतं?